‘पुढची’ न म्हणता पुढची स्लाइड

आमच्या भागातल्या बारवांवर मी गावोगावी बोलतो. पायऱ्यांच्या या जुन्या विहिरी फोटोंशिवाय समजावणं अवघड, त्यामुळे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आलेच. सुरुवातीची काही वर्षं लॅपटॉपजवळ कोणीतरी बसायचं आणि मी दर मिनिटाला ‘पुढची’ म्हणायचो. गाळाने भरलेल्या बारवेचा फोटो दाखवून मी विचारतो, खाली किती पायऱ्या असतील? लोक अंदाज सांगू लागतात. त्या क्षणी शेजारच्याने घाईने कळ दाबली, की गाळ उपसल्यानंतरचा फोटो पडद्यावर येतो आणि प्रश्नातला जीव जातो. म्हणून मी कळ स्वतःच्या हातात घेतली, म्हणजे खिशातल्या फोनमध्ये.

बाजारात मिळणारा प्रेझेंटर रिमोट लॅपटॉपला कीबोर्डच भासतो. त्याचं बटण दाबलं की लॅपटॉपला Page Down ही कळ दाबल्यासारखं वाटतं. फोननेही एवढंच करायचं असतं. फरक असा, की रिमोटसोबत यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर येतो आणि दोघांची जोडी कारखान्यातच जुळलेली असते. फोन आणि लॅपटॉप यांच्यातली वाट मात्र आपल्याला घालावी लागते, आणि बहुतेक घोटाळे या वाटेवरच होतात.

मी KDE Connect वापरतो. ते मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन या सगळ्यांवर चालतं. लॅपटॉपवर आणि फोनवर, दोन्हीकडे ते घालायचं. दोन्ही एकाच वायफायवर असले की फोनवर लॅपटॉपचं नाव दिसतं. जोडणीची विनंती पाठवायची, दोन्ही पडद्यांवरचा पडताळणीचा संकेत सारखा आहे ना हे बघायचं आणि लॅपटॉपवर होकार द्यायचा. ही जोडणी एकदाच करावी लागते. मग फोनवर Slideshow remote उघडलं की मागे-पुढे जायची दोन मोठी बटणं येतात. पडदाभर स्लाइड शो सुरू करण्याची सोय तिथल्याच मेनूत आहे.

घरी हे पाच मिनिटांत जमतं. पहिल्यांदा एका वाचनालयाच्या सभागृहात गेलो, तेव्हा मात्र फोनला लॅपटॉप दिसेना. दोन्ही सभागृहाच्याच वायफायवर होते आणि दोघांवर इंटरनेट व्यवस्थित चालत होतं, म्हणून मी अर्धा तास भलतीकडेच शोधत बसलो. कारण नंतर कळलं. सार्वजनिक जागेतल्या वायफायवर बऱ्याचदा अशी व्यवस्था केलेली असते, की प्रत्येक यंत्राने इंटरनेटशी बोलावं, शेजारच्या यंत्राशी नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांच्या लॅपटॉपमध्ये डोकावू नये म्हणून ते योग्यच आहे. पण आपला फोनही त्या लॅपटॉपसाठी अनोळखीच ठरतो.

तेव्हापासून मी सभागृहाचं वायफाय विचारतच नाही. फोनचा हॉटस्पॉट चालू करतो आणि लॅपटॉप त्याला जोडतो. वाट दोघांपुरतीच राहते. फोनवरचं मोबाइल इंटरनेट बंद करतो, कारण स्लाइड हलवायला ते लागत नाही, आणि चालू ठेवलं तर लॅपटॉप त्यावरून आपली अपडेट उतरवत बसतो. मात्र इंटरनेट नसलेलं वायफाय सोडून लॅपटॉप ओळखीच्या दुसऱ्या वायफायकडे पळू शकतो. सभागृहाचं वायफाय पूर्वी जोडलेलं असेल, तर त्याची आपोआप जोडणी बंद करावी. लॅपटॉप जुना असेल आणि त्याला हॉटस्पॉट दिसतच नसेल, तर हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर आहे का ते बघून २.४ वर आणावा.

विंडोजमध्ये आणखी एक अडसर येतो. नवं वायफाय जोडलं की विंडोज त्याला सहसा सार्वजनिक, म्हणजे Public, धरतं आणि बाहेरून येणारे निरोप अडवतं. आपल्या हॉटस्पॉटला Private केलं की सहसा मार्ग मोकळा होतो. हे फक्त स्वतःच्या हॉटस्पॉटसाठी करावं, परक्या वायफायसाठी कधीच नाही. एवढं करूनही लॅपटॉप दिसला नाही, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये

```
ipconfig
```

असं लिहून वायफायखालचा IPv4 पत्ता बघायचा आणि फोनवरच्या KDE Connect मध्ये पत्त्यावरून यंत्र जोडायची सोय आहे, तिथे तो भरायचा.

कधी फोन जोडलेला दिसतो, बटणही दाबलं जातं, पण स्लाइड जागची हलत नाही. अशा वेळी मी शो थांबवून लांबलचक पीडीएफ उघडतो, त्यात एकदा क्लिक करतो आणि फोनचं बटण दाबतो. पानं सरकली तर वाट ठीक आहे. मग दोष असा असतो, की एखादी सूचनेची खिडकी मध्येच उघडून पुढे आलेली असते. कळ नेहमी पुढच्या खिडकीला लागते, मागच्या स्लाइड शोला नाही. शोवर जाऊन एकदा क्लिक केलं की सगळं सुरळीत. पानंही सरकली नाहीत, तर वाटच तुटली आहे, हॉटस्पॉटकडे जावं.

याच्या उलट, कधी दोन स्लाइड एकदम उडतात. जोडणी क्षणभर अडखळते, आपल्याला वाटतं बटण लागलं नाही, आपण पुन्हा दाबतो, आणि दोन्ही दाब एकामागून एक पोचतात. बटण दाबल्यावर एक श्वास थांबायची सवय मी लावून घेतली. स्लाइडमधल्या ओळी एकेक करून येणारी सजावटही काढून टाकली. तीत प्रत्येक ओळीला एक दाब लागतो आणि आपण कुठे आहोत याचा हिशेब चुकतो.

फोनची खरी उणीव म्हणजे गुळगुळीत काच. बोटाला बटण लागत नाही, म्हणून डोळे खाली जातात आणि समोरचा माणूस सुटतो. यावर उपाय अँड्रॉइडच्या याच ॲपमध्ये आहे: Slideshow remote उघडं असताना आवाजाच्या दोन कळांनी स्लाइड मागे-पुढे होतात. त्या बोटाला चाचपता येतात. कोणती पुढे नेते हे घरीच हाताला शिकवून ठेवावं. फोन आला तर मात्र त्याच कळा रिंगच्या आवाजाला लागतात, म्हणून बोलण्याआधी ‘व्यत्यय नको’ चालू करून त्यात कॉलही अडवावेत.

लॅपटॉप आयोजकांचा असेल आणि त्यात काही घालायची मुभा नसेल, तर दुसरी वाट ब्लूटूथची. अँड्रॉइड ९ पासून फोन स्वतःच ब्लूटूथ कीबोर्ड होऊ शकतो. तशी ॲप मिळतात आणि लॅपटॉपमध्ये काहीच घालावं लागत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही सोय बंद ठेवलेली असते, म्हणून आधी करून बघावं. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर धरावा, आणि मध्ये माणसं बसली असली तर त्याहूनही कमी. लहान खोलीत ते पुरतं, मोठ्या सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी पुरेलच असं नाही.

मागच्या भिंतीपर्यंत जायला मिळतं, हेच मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. परवा एका शाळेत मी बोलत बोलत शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभा होतो. तिथल्या आजोबांनी हळूच विचारलं, “सर, मघाचा तो कोनाडा पुन्हा दाखवता? त्यातली मूर्ती आमच्या मळ्यातल्या विहिरीत होती तशीच वाटतेय.” मी तिथूनच मागची कळ दोनदा दाबली. कोनाडा पडद्यावर आला, आणि आजोबा उठून सगळ्यांना त्या विहिरीबद्दल सांगू लागले.