तांबड्या रक्तपेशीतला ग्लुकोजचा दुसरा रस्ता

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला आधी एक फॉस्फेट जोडला जातो आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होते. येथून रस्ते फुटतात. बहुतेक ग्लुकोज ग्लायकोलिसिसच्या वाटेने जाऊन एटीपी देते. काही भाग मात्र पेंटोज फॉस्फेट मार्गाने जातो. या मार्गात एटीपी तयार होत नाही. मिळतात त्या दोन वेगळ्या वस्तू, एनएडीपीएच आणि रायबोज. ही सारी रासायनिक क्रिया पेशीद्रवातच घडते.

पेशीचे यंत्र एटीपीवर चालते. पण मेदाम्ले किंवा कोलेस्टेरॉल घडवताना ऊर्जेबरोबर इलेक्ट्रॉनही लागतात. ते एनएडीपीएच पुरवते. पामिटिक आम्लाचा एक रेणू घडवायला त्याचे १४ रेणू खर्ची पडतात. रायबोज ही पाच कार्बनची साखर आहे. डीएनए, आरएनए आणि खुद्द एटीपी यांच्या घडणीला ती लागते, म्हणून सतत विभाजन पावणाऱ्या पेशींना तिची गरज फार.

तांबड्या रक्तपेशीचे मात्र निराळे आहे. तिला केंद्रक नाही, ती विभाजित होत नाही आणि मेदही घडवत नाही. तरीही हा मार्ग बंद पडला तर ती फुटते. प्राणवायू वाहून नेताना तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये सतत निर्माण होतात. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्यांना निष्प्रभ करतो, पण त्यात स्वतःचे इलेक्ट्रॉन गमावतो. त्याला ते परत देते एनएडीपीएच. इतर बहुतेक पेशींकडे एनएडीपीएच मिळवण्याचे आणखीही उपाय असतात. तांबड्या पेशीला मायटोकॉन्ड्रिया नसल्याने तिची सारी भिस्त याच मार्गावर आहे.

मार्गाचे दोन टप्पे आहेत. पहिला ऑक्सिडीकरणाचा. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, म्हणजे जी६पीडी हे विकर ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून इलेक्ट्रॉन काढून घेते व एनएडीपीएचचा पहिला रेणू तयार होतो. पुढे आणखी एक रेणू मिळतो आणि त्याच वेळी एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. सहातले पाच कार्बन उरतात, हे रायब्युलोज-५-फॉस्फेट. हा टप्पा एकाच दिशेने चालतो, मागे फिरत नाही. त्याचा वेग पेशीच्या खर्चावर ठरतो: एनएडीपीएच साचले की जी६पीडी मंदावते, वापरले गेले की पुन्हा वेग घेते.

दुसऱ्या टप्प्यात ना ऑक्सिडीकरण होते, ना एनएडीपीएच मिळते. येथे फक्त कार्बनची देवघेव चालते. रायब्युलोजपासून रायबोज-५-फॉस्फेट होते. ते नको असेल तर ट्रान्सकीटोलेज दोन-दोन आणि ट्रान्सअल्डोलेज तीन-तीन कार्बनचे तुकडे एका साखरेवरून दुसरीवर चढवतात. पाच कार्बनच्या तीन साखरांपासून सहा कार्बनच्या दोन आणि तीन कार्बनची एक साखर बनते. पंधरा कार्बन आत, पंधरा बाहेर. या साखरा पुन्हा ग्लायकोलिसिसमध्ये जातात.

तांबड्या पेशीत हेच घडते. ग्लुकोजचे तीन रेणू या वाटेने गेले की सहा एनएडीपीएच मिळतात, तीन कार्बन बाहेर पडतात, आणि नको असलेल्या पेंटोज साखरा कामी लागतात. दुसरा टप्पा उलटाही फिरतो. म्हणूनच विभाजन पावणारी पेशी, एनएडीपीएचची गरज नसली तर, पहिला टप्पा टाळून ग्लायकोलिसिसमधल्या साखरांपासून थेट रायबोज करू शकते. सगळी लवचिकता या टप्प्यात आहे.

जी६पीडी दुबळे असल्याचा आनुवंशिक दोष हे दाखवून देतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. जेथे हिवताप पूर्वापार आहे त्या प्रदेशांत हा दोष अधिक आढळतो. भारतात काही आदिवासी जमातींत आणि पारशी समाजातही तो आहे. एरवी अशी माणसे निरोगी असतात. व्हायव्हॅक्स हिवतापासाठी प्रायमाक्विन दिले की मात्र पेशींवरचा ताण वाढतो, एनएडीपीएच अपुरे पडते, हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गाठी होतात आणि पेशी फुटू लागतात. दोन-तीन दिवसांत लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, थकवा येतो. १९५६ मध्ये याच औषधाच्या अभ्यासातून हा दोष उलगडला.

आधी फुटतात त्या जुन्या पेशी. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. केंद्रक नसल्याने तिला नवे विकर घडवता येत नाही आणि असलेले हळूहळू निकामी होत जाते. कोवळ्या पेशींत ते जास्त असते.

तपासणीतली फसगत यातूनच होते. रक्ताचा थेंब ग्लुकोज-६-फॉस्फेट व एनएडीपी यांच्या मिश्रणात टाकतात. एनएडीपीएच तयार झाले तर ठिपका अतिनील प्रकाशात चमकतो. पण पेशी फुटण्याच्या झटक्यानंतर लगेच चाचणी केली तर उरलेल्या पेशी बहुतांशी कोवळ्याच असतात, ठिपका चमकतो आणि दोष लपतो. म्हणून शंका असल्यास काही आठवड्यांनी, शक्यतो तीन महिन्यांनी, चाचणी पुन्हा केली जाते.