सोसायटीचा इंटरनेट रेडिओ: शंभर जण ऐकायला बसले की नेमकं काय होतं

“रेडिओच आहे ना? एकदा सोडला की ऐकणारे दहा असोत की दोनशे, काय फरक पडतो?” सोसायटीत आइसकास्ट बसवायची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास येतं. कमिटीतले लोक म्हणतात, गणपतीतल्या आरतीसाठी लाउडस्पीकर लावणारे मंडपवाले म्हणतात, आणि ज्यांनी आयुष्यभर संगणकावर काम केलं आहे तेही म्हणतात. त्यानंतर पहिल्याच मोठ्या आरतीला सगळ्यांचा आवाज तुटायला लागतो. दोष मात्र फोनला, पावसाला किंवा ‘फुकटच्या सॉफ्टवेअर’ला दिला जातो.

हा गैरसमज कुठून येतो ते कळतं. एफएमचा मनोरा एकदाच लहरी सोडतो. त्या परिसरात एक संच असो की एक लाख, मनोऱ्याच्या विजेच्या बिलात एक पैसाही वाढत नाही. आइसकास्ट तसं चालत नाही. प्रत्येक ऐकणारा फोन सर्व्हरशी स्वतःची वेगळी जोडणी करतो आणि सर्व्हर प्रत्येकाला आवाजाची वेगळी प्रत पाठवतो. चाळीस जण ऐकत असतील, तर तोच श्लोक त्याच क्षणी चाळीस वेळा तुमच्या वायरीतून बाहेर जातो. ‘स्ट्रीम’ एकच असली तरी प्रती चाळीस असतात, आणि प्रत्येक प्रतीसाठी तुमच्याच जोडणीची अपलोड क्षमता खर्च होते.

यालाच जोडून दुसरं वाक्य येतं: “पण आपण सगळे एकाच इमारतीत आहोत, इंटरनेट कशाला लागेल?” एका इमारतीत राहणं आणि एका नेटवर्कवर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक फ्लॅटने आपापलं कनेक्शन घेतलेलं असतं. तळमजल्यावरच्या ऑफिसातून निघालेली आरती आधी ऑफिसच्या कंपनीकडे जाते, तिथून तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या कंपनीकडे, आणि मग त्यांच्या राउटरवर येते. मधलं अंतर तीस फुटांचं असलं तरी आवाज शहराला वळसा घालून येतो.

आता आकडे मांडू, कारण हा वाद आकड्यांशिवाय संपत नाही. १२० फ्लॅटची एक सोसायटी घ्या. ऑफिसात ‘१०० एमबीपीएस’चं कनेक्शन आहे. हा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. आपल्याला हवा अपलोड, आणि तोही संध्याकाळी सातला, कॅमेरे आणि गेटची यंत्रणा चालू असताना मोजलेला. समजा तो १० एमबीपीएस निघाला. तो सगळा वापरायचा नसतो. तीसेक टक्के मोकळे ठेवले की हातात उरतात ७ एमबीपीएस.

१२८ केबीपीएसच्या स्ट्रीमला प्रत्येक श्रोत्यामागे पाकिटांच्या वेष्टनासकट साधारण १४० केबीपीएस धरा. सातला भागलं की पन्नास श्रोते. कुणी हौसेने ३२० केबीपीएस ठेवलं असेल, तर वीस. ६४ केबीपीएस ठेवलं, तर शंभर. गणपतीत आरतीला साठ-सत्तर फोन सहज जोडले जातात, कारण गावाकडचे आजी-आजोबा आणि परदेशातली मुलंही ऐकतात. म्हणजे या सोसायटीत १२८ वर रडगाणं होणार हे पहिल्या दिवशीच कागदावर दिसत होतं.

इथे आणखी एक चुकीची कल्पना आड येते. क्षमता संपली की शेवटी आलेल्या माणसालाच जागा मिळणार नाही, बाकीचे सुखरूप ऐकत राहतील, असं लोक धरून चालतात. तसं आपोआप होत नाही. वायर भरली की ती सगळ्यांमध्ये वाटली जाते आणि प्रत्येकाला थोडं थोडं कमी पडतं, म्हणून सगळ्यांचाच आवाज अडखळतो. आइसकास्ट कुणासाठी दर्जा कमी करून जुळवून घेत नाही, कारण ते आवाजाचं रूपांतर करतच नाही. जे आलं ते तसंच पुढे देतं. एखादा श्रोता फार मागे पडला की त्याला काढून टाकलं जातं. किती मागे, ते `queue-size` ठरवतं. मूळ किंमत ५२४२८८ बाइट आहे, म्हणजे १२८ केबीपीएसवर सुमारे तेहतीस सेकंद. `error.log` मध्ये तेव्हा `has fallen too far behind, removing` असं लिहून येतं. आरतीच्या वेळी या ओळी एकामागून एक दिसल्या, तर फोनला दोष देणं थांबवा. आणखी सोपी खूण म्हणजे एकाला घरच्या वायफायवर आणि दुसऱ्याला मोबाइल डेटावर ऐकायला सांगा. दोघांचा आवाज एकाच वेळी तुटला तर अडचण सर्व्हरच्या बाजूची आहे. एकाचाच तुटला तर ती त्याच्या बाजूची.

म्हणून श्रोत्यांची मर्यादा हा आकडा हिशेबातून काढायचा असतो. मर्यादा हजार लिहिली म्हणून हजार जण ऐकू शकत नाहीत. तो दरवाजावरचा आकडा आहे, आतल्या जागेचा नाही. आपल्या उदाहरणात ६४ केबीपीएस मोनो ठेवून मांडणी अशी होईल:

```
<limits>
    <clients>110</clients>
    <queue-size>524288</queue-size>
    <burst-size>65535</burst-size>
</limits>

<mount type="normal">
    <mount-name>/aarti.mp3</mount-name>
    <max-listeners>90</max-listeners>
</mount>
```

दोन आकडे वेगळे का, हे बरेच जण विचारतात. `clients` ही अख्ख्या सर्व्हरची मर्यादा आहे. आइसकास्टच्या दस्तऐवजांत स्पष्ट म्हटलं आहे की तिच्यात श्रोत्यांबरोबर सर्व्हरवरची पानं उघडणारे आणि आकडेवारी मागणारेही मोजले जातात. दोन्ही आकडे सारखे ठेवले, तर गर्दीच्या वेळी किती जण ऐकताहेत हे बघायला गेलेल्या सचिवांनाच जागा मिळायची नाही. `max-listeners` फक्त त्या एका स्ट्रीमपुरती असते. ती शंभरऐवजी नव्वद ठेवली म्हणजे हिशेब थोडा चुकला तरी आत असलेल्यांचा आवाज तुटत नाही. गर्दीत मोजणीही थोडी फुगते: लिफ्टमध्ये वायफाय सुटून फोन मोबाइल डेटावर गेला की नवी जोडणी होते, पण जुनी काही काळ तशीच मोजली जाते.

आणि हे सगळं आदल्या दिवशी तपासता येतं. सोसायटीबाहेरच्या चांगल्या कनेक्शनवरून खोटे श्रोते जोडा:

```
for i in $(seq 1 70); do
  curl -s -o /dev/null --max-time 180 http://SERVER:8000/aarti.mp3 &
done; wait
```

ते चालू असताना स्वतः फोनवर ऐका. ही चाचणी सर्व्हर असलेल्याच खोलीतून केली तर तिला अर्थ नाही, कारण मग अपलोड वापरलंच जात नाही.

अपलोड कमीच असेल तर खरा उपाय वेगळा आहे: आइसकास्ट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं. सोसायटीतून एकच प्रत तिकडे जाते आणि पुढच्या प्रती तिथून निघतात. शंभर श्रोते, रोज एक तास, महिनाभर, ६४ केबीपीएस: एकूण ८६ जीबीच्या आसपास. याने दुसरी अडचणही सुटते. अनेक घरगुती कनेक्शनांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरच्या माणसाला तुमचा सर्व्हर दिसणार नाही. भाड्याच्या सर्व्हरकडे मात्र जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे हा अडथळा येत नाही.

“पण ६४ म्हणजे आवाज फालतू.” या वाक्याचा मला खरंच त्रास होतो, कारण ते बोलणाऱ्याने बहुधा कधी ऐकून पाहिलेलं नसतं. आरतीला माइक एक असतो. एका माइकचा आवाज स्टिरिओत पाठवणं म्हणजे तीच गोष्ट डाव्या आणि उजव्या कानाला वेगळी सांगण्यात बिट घालवणं. मोनो केलं की ६४ केबीपीएस सगळे त्या एका आवाजाला मिळतात. नुसत्या सूचना आणि व्याख्यानं असतील तर ४८ सुद्धा पुरतात. बिटरेटची परीक्षा घेतात ते टाळ आणि झांजा: त्यांचा वरचा खणखणाट आधी सळसळायला लागतो. भजनी मंडळ असेल आणि सर्व्हर भाड्याचा असेल, तर ९६ मोनो ठेवा, कारण तिथे तेवढी मुभा असते. १२८ मध्ये उतरवून घेतलेलं गाणं ३२० वर सोडल्याने मात्र काहीही परत येत नाही. जे गेलं ते गेलं, फक्त श्रोते विसावर येतात.

बाकीचे समज थोडक्यात. “मोठा संगणक हवा.” नको, रूपांतर होत नसल्याने साधा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो. “ओपस नवा आहे, तोच घ्या.” कमी बिटरेटला तो एमपी३ पेक्षा चांगला आहे, पण आयफोनच्या ब्राउझरने ऑग स्ट्रीम कित्येक वर्षं वाजवल्या नाहीत, आणि सोसायटीत जुने फोन असतातच, एमपी३ सगळीकडे वाजतो. “छोट्या रेडिओला कोण त्रास देणार?” आइसकास्टच्या नमुना फाइलमध्ये पासवर्ड `hackme` असतो, आणि तो तसाच ठेवलात तर कुणीही तुमच्या नावाने काहीही वाजवू शकतं.

“बिटरेट कमी केला की उशीर कमी होतो.” उलट आहे. नवा श्रोता आला की आइसकास्ट त्याला साठवलेले ६५५३५ बाइट एकदम देतं. १२८ वर ते चार सेकंदांचे असतात, ६४ वर आठ सेकंदांचे. म्हणून मंडपात घंटा वाजून झाली तरी वरच्या मजल्यावर ती ऐकू यायची असते. `burst-size` निम्मा केला की हा भाग निम्मा होतो, पण ढिल्या नेटवर आवाज लवकर अडकतो.

“आपल्यापुरतंच आहे, मग सिनेमाची गाणी लावायला काय हरकत?” हरकत आहे. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये रहिवाशांच्या सामाईक खोलीत किंवा सभागृहात ध्वनिमुद्रण ऐकवायला सूट आहे; तिचे शब्द खोलीबद्दल आहेत, फोनवर पोहोचणाऱ्या स्ट्रीमबद्दल नाहीत. प्रसारकांसाठी ठरीव दराने परवाना देणारं कलम ३१-डी इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक खटल्यात दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. त्यामुळे ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी हक्कधारकांचा परवाना घ्या, नाहीतर सोसायटीतल्या माणसांनी स्वतः म्हटलेल्या पारंपरिक आरत्या आणि अभंग सोडा.