२१ ते ७९ : विषम संख्यांची चटकन बेरीज

सभागृहात पहिल्या रांगेत २१ खुर्च्या आहेत, मागच्या प्रत्येक रांगेत २ वाढत जातात आणि शेवटच्या रांगेत ७९ आहेत. तर एकूण खुर्च्या किती? स्पर्धा परीक्षांत असं गणित हमखास येतं. सूत्र पाठ असूनही मुलं त्यात चुकतात, कारण सूत्रात कोणती संख्या घालायची तिथेच गडबड होते.

आधी सूत्र कुठून आलं ते पाहू. रांगोळीचा एक ठिपका काढा. त्याच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात मिळून ३ ठिपके जोडले, की २ × २ चा चौकोन होतो. आणखी ५ जोडले, की ३ × ३ चा. म्हणजे १ पासूनच्या विषम संख्या जितक्या घ्याल, तितक्याचा वर्ग ही त्यांची बेरीज. प्रत्येक सम संख्या तिच्या आधीच्या विषम संख्येपेक्षा १ ने मोठी असते. म्हणून पहिल्या १० सम संख्यांची बेरीज १०० अधिक १०, म्हणजे ११०. तिची निम्मी, ५५, ही १ ते १० ची बेरीज. तीन सूत्रं वेगवेगळी घोकायची गरजच नाही.

आता खुर्च्या. वर्ग ७९ चा करायचा नाही, ७९ पर्यंत विषम संख्या किती आहेत त्याचा करायचा. शेवटच्या संख्येत १ मिळवून निम्मे केले, की ४० येतात. त्यांची बेरीज १६००. पण आपली रांग २१ पासून सुरू होते, तेव्हा १ ते १९ ही नसलेली पदं वजा करायची. ती १०, त्यांची बेरीज १००. उरल्या १५०० खुर्च्या.

इथे बरेच जण २१ पर्यंतची बेरीज, म्हणजे १२१, वजा करतात आणि १४७९ लिहितात. पहिली रांगच हॉलबाहेर जाते! ही चूक पकडणं सोपं आहे. रांगा ४० वजा १०, म्हणजे ३०. विषम संख्या सम वेळा मिळवल्या, तर बेरीज समच यायला हवी. १४७९ विषम आहे. दुसरी खात्री म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रांगेची सरासरी ५०, आणि ५० गुणिले ३० म्हणजे १५००.

वाढ २ ऐवजी ३ असेल, तर वर्गाचा नियम थेट लागत नाही. ५, ८, ११ अशा १० पदांत प्रत्येक पद ३ च्या पाढ्यापेक्षा २ ने जास्त आहे. मग ५५ ची तिप्पट १६५, त्यात दहा वेळा २ म्हणजे २०, एकूण १८५.