विमान तीनचं, पूर्णाहुती किती वाजता?

कोथरूडच्या नव्या घरात वास्तुशांत आहे आणि बंगळुरूच्या पाहुण्यांचं विमान दुपारी तीनला. लोहगावला दोन तास आधी पोचायचं, म्हणजे बाराला निघायलाच हवं. यजमान विचारतात, ‘गुरुजी, थोडक्यात होईल का?’ ‘बसत नाही’ म्हटलं की माणसं दुखावतात, नुसतं ‘हो’ म्हटलं की ऐनवेळी घाई होते. जाणते गुरुजी साधारण असं कळवतात:

‘नमस्कार. पाहुण्यांची अडचण समजली. संकल्प, पुण्याहवाचन, मुख्य हवन आणि पूर्णाहुती वगळता येणार नाही. मात्र आहुत्या १०८ ऐवजी २८ घेता येतात. शास्त्रात तसा पर्याय आहे. मी सहाला येऊन मंडल मांडतो, सोबत एक सहकारी आणतो. आपण उभयता साडेसहाला सोवळ्यात तयार असावं. साडेअकरापर्यंत पूर्णाहुती होईल. पाहुण्यांनी नमस्कार करून प्रसाद घ्यावा आणि निघावं. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरण्याचा विधी नंतर आपण दोघांनी केला तरी चालेल.’

या उत्तरात नकार आहे, पण तो दोन ओळींत आटोपतो. बाकी सगळी सोय आहे. कर्म यजमान दांपत्याचं असतं, पाहुण्यांनी शेवटपर्यंत बसायलाच हवं असं नाही, हेही न दुखावता सांगितलं आहे. खरा वेळ मंत्रांपेक्षा ‘तूप कुठे ठेवलंय?’ या शोधात जातो. म्हणून सामान आदल्या रात्रीच ताटांत काढून ठेवायला सांगावं.