‘शर्ट लहान झाला’ म्हणजे नेमकं काय?

2024 साली राज्यभरातल्या सरकारी शाळांसाठी आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट असा एकच गणवेश ठरला. कापडाची खरेदी एकत्र, शिलाई बचत गटांकडे. गणवेश उशिरा पोचल्याच्या, मापाला बसत नसल्याच्या तक्रारी गावोगावी झाल्या. डिसेंबरात शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. झाईसारख्या सीमेवरच्या गावात दहा-बारा मशिनींवर गणवेश शिवणाऱ्याला उद्या हेच काम मिळालं, तर परत येणारे शर्ट त्याच्याच दारात येतील.

‘शर्ट लहान झाला’ एवढंच तक्रारींच्या वहीत लिहिलं, तर मास्टरला त्यातून काही कळत नाही. शर्ट धुण्याआधीच घट्ट होता की धुतल्यावर झाला, टेपने मोजल्यावर छाती किती भरली आणि बंडल नंबर काय, या तीन गोष्टी हव्यात. बंडलाचं स्टिकर पॅकिंगला काढून टाकतात, म्हणून तो नंबर साइज लेबलच्या मागे लिहिलेला बरा.

समजा, 28 नंबरचे 12 शर्ट परत आले. तयार शर्टाची छाती 80 सेंटिमीटर हवी होती. वही पाहिली तर तीन शर्ट न धुताच घट्ट, आणि तिन्ही थराच्या तळातल्या बंडलांचे. कटिंगचं मशिन तिरकं धरलं की वरचा आणि तळाचा तुकडा सारखा निघत नाही. उरलेले नऊ धुतल्यावर आटले. तक्रारीचे शब्द तेच, पण पहिला दोष कटिंगवाल्याच्या हातात आणि दुसरा कापडात.

म्हणून तपासयादीची पहिली ओळ शिलाईची नाहीच. कापडाचा नवा लॉट आला की त्यावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, कापड धुऊन वाळवायचं आणि पुन्हा मोजायचं. आडवी बाजू 48.5 भरली, तर कापड तीन टक्के आटलं. त्या हिशेबाने 80 ची छाती 77.6 वर येते, आणि पालक शर्ट घेऊन दुकानात. पॅटर्न तेवढाच रुंद केला, 82.5 पर्यंत, की प्रश्न मिटतो. उभी बाजू वेगळी मोजायची, कारण दोन्हीकडे आटण्याचं प्रमाण क्वचितच सारखं असतं. दुसरी ओळ कटिंगची: वरचा, मधला आणि तळाचा तुकडा पॅटर्नवर ठेवून पाहायचा.

शेवटच्या चेकिंगला 500 शर्ट असतील, तर रूढ नमुना-तक्त्याप्रमाणे 50 काढतात. अडीच टक्क्यांच्या निकषावर तीन शर्टांपर्यंत दोष चालतो; चौथा सापडला की सगळा माल पुन्हा तपासायचा. पण वरच्याच पेटीतून 50 उचलले, तर तळातलं बंडल नजरेला पडतच नाही. प्रत्येक बंडलातून एखाददुसरा शर्ट यायला हवा.

बटण तुटल्याची नोंद वहीत फारशी सापडत नाही. आई घरीच टाका घालते, शर्ट परत येत नाही. ते कळायचं तर शाळा सुरू होऊन महिना झाल्यावर दुकानदाराकडे जाऊन विचारावं लागतं.