सीझनचा दर एजंटला कधी आणि कसा कळवावा

तारकर्लीतल्या बारा खोल्यांच्या एखाद्या रिसॉर्टचा हिशेब घेऊ. पुण्या-कोल्हापूरचे नेहमीचे एजंट तिथे वर्षभर पाहुणे पाठवतात. एजंटचा नेट दर खोलीला रात्रीचे २,८०० रुपये आणि तो पाहुण्याला ३,२०० सांगतो. नाताळासाठी मालकाला हा नेट दर ३,६०० करायचा आहे. वाढ गैर नाही, पण ती कोणत्या महिन्यात कळते यावर पुढचं सगळं ठरतं.

समजा, एजंटनं ऑक्टोबरात एका ग्रुपला पाच खोल्या, दोन रात्री असं पॅकेज जुन्या दरानं देऊन टाकलं. त्यात त्याची कमाई ४,००० रुपये. नोव्हेंबरात मालकाचा निरोप आला, की आता खोलीमागे ८०० जास्त. दहा खोली-रात्रींचे ८,००० झाले. पाहुण्याकडे पुन्हा पैसे मागायला तोंड नाही, म्हणून एजंट कमाई सोडतो आणि वर पदरचे ४,००० घालतो. पुढच्या वर्षी तो आपले ग्रुप शेजारच्या रिसॉर्टकडे वळवतो, तेही भांडण न करता. त्यामुळे मालकाला कारण कळतही नाही.

म्हणून तारीख उलटी मोजत यावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. २४ डिसेंबरच्या कोकण रेल्वेच्या तिकिटांसाठी लोक ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तयार बसलेले असतात. त्याआधी घरात बेत ठरतो, त्याच्याही आधी एजंटकडे चौकशी होते. म्हणजे एजंटच्या हातात दरपत्रक ऑगस्टअखेर असायला हवं.

पत्र लांबलचक नको, पण त्यात संदिग्ध काही राहू नये. २० ऑगस्टला जाणारं पत्र असं लिहिता येईल:

“सप्रेम नमस्कार. २३ डिसेंबर ते २ जानेवारी या रात्रींसाठी दोघांच्या एसी खोलीचा आपला नेट दर २,८०० ऐवजी ३,६०० रुपये राहील. नाश्ता धरला आहे, जीएसटी वेगळा. या काळात किमान दोन रात्रींचं बुकिंग लागेल. ३१ ऑगस्टपर्यंत ज्यांचा अ‍ॅडव्हान्स जमा होईल त्यांना जुनाच दर. आपण कुणाला आधीच लेखी कोटेशन दिलं असेल, तर नाव आणि तारखा १५ सप्टेंबरपर्यंत कळवा. ती बुकिंगं ३० सप्टेंबरपर्यंत पक्की झाल्यास त्यांनाही जुना दर देऊ.”

इथे ‘रात्री’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. ‘२ जानेवारीपर्यंत’ एवढंच लिहिलं तर २ तारखेची रात्र कोणत्या दरात, यावर काउंटरवर वाद होतो. जुना दर कुणाला, हे बुकिंगच्या तारखेवर ठरतं की मुक्कामाच्या, तेही पत्रातच स्पष्ट हवं.

कारणं खरी तेवढीच द्यावीत. ‘वाढत्या महागाईमुळे’ असं लिहिलं, की एजंटला प्रश्न पडतो, मग ही महागाई ३ जानेवारीला कशी उतरते? खरी कारणं त्या अकरा रात्रींशी जोडलेली असतात. स्वयंपाकघरात आणि खोल्यांसाठी जादा माणसं रोजावर घ्यावी लागतात, त्या दिवसांत सुरमई-पापलेट चढ्या भावानं घ्यावं लागतं. शिवाय पावसाळ्यात समुद्रातले खेळ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, खोल्या रिकाम्या राहतात, पण कायमच्या माणसांचे पगार चालूच असतात. ती तूट सीझनमध्येच भरून काढावी लागते. या दिवसांत मागणी खोल्यांपेक्षा जास्त असते, हेही सरळ लिहावं. एजंटला ते ठाऊकच असतं. लपवलं तर बाकीच्या खऱ्या कारणांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

पत्र गेल्यावर एक गोष्ट सांभाळायची असते. एजंटसमोर बसलेला पाहुणा मोबाइलवर त्याच रिसॉर्टचा दर पाहतो. तिथे तीच खोली नाश्त्यासह ३,५०० ला दिसली, तर ३,६०० चा नेट दर घेतलेला एजंट खोटा पडतो. म्हणून ऑनलाइन दर त्याच दिवशी बदलावा आणि तो एजंटच्या विक्रीदरापेक्षा, म्हणजे इथे सुमारे ४,००० पेक्षा, खाली ठेवू नये. थेट फोन करणाऱ्यालाही तोच दर सांगावा.

आणि पत्र पाठवायला उशीर झालाच, ऑक्टोबर उजाडला, तर? मग वाढीव दर फक्त नव्या चौकश्यांना लावावा. आधी दिलेल्या कोटेशनांचा फरक मालकानं स्वतः सोसावा, कारण उशीर त्याच्याकडून झाला आहे. वरच्या ग्रुपपुरतं बोलायचं तर हे ८,००० रुपये होतात. वर्षभर खोल्या भरणारा एजंट टिकवण्यापुढे ही रक्कम मोठी नाही.