भाजी की भजी?

बोरिवलीला गाडीतून उतरता उतरता मी घरी मेसेज टाकला, `yetana bhaji anu ka?` आईचं उत्तर आलं, `ho aan`. मी पालकाची जुडी घेऊन घरी पोचले, तर तिने चहा टाकलेला आणि ती गरम भज्यांची वाट पाहत होती.

चूक तिची नव्हती. रोमन लिपीत लिहिताना आपण अ आणि आ, दोन्हींचा भार एकट्या `a`वर टाकतो. ल आणि ळ `l`मध्ये जातात, न आणि ण `n`मध्ये. त्यामुळे नुसतं `kela` हे केला, केलं, केळं यांपैकी काहीही असू शकतं. एरवी आपण अडखळत नाही, कारण शेजारचा शब्द वाट दाखवतो. `kam kela` वाचून कुणाला केळं आठवत नाही. 'आणू का' मात्र भाजीलाही चालतं आणि भजीलाही.

हा दोष रोमन लिपीचा नव्हे. थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रोमन लिपीतच छापलं गेलं. रोमी कोंकणीत आजही ळसाठी `ll` आणि णसाठी `nn` लिहितात. आपल्या चॅटला असा ठरलेला नियम नाही.

सवय लागली ती एसेमेसच्या काळात. एका एसेमेसमध्ये 140 बाइट, म्हणजे 1120 बिट मावतात. रोमन अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 160 अक्षरं बसत. देवनागरीला 16 लागतात, म्हणून फक्त 70. त्यातही काना, वेलांटी वेगळी मोजली जाते. मजकूर 70च्या पुढे गेला की दुसऱ्या एसेमेसचे पैसे. आता चॅटमध्ये ती मर्यादा उरली नाही. उलट 'भाजी' टाइप करायला चार कळा लागतात, `bhaji`ला पाच.

तरी गप्पांत रोमनचा हात सोडवत नाही, आणि त्याला कारण आहे. अंधेरीहून घाटकोपरला निघालेली मैत्रीण `metro chukli, late hoil` एका दमात लिहिते. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती नाही. लाडीगोडीचं `kaaaay` पाहा. आवाज जिथे लांबतो, तिथेच अक्षर लांबलंय. देवनागरीत त्यासाठी अवग्रह आहे, 'काऽऽऽय'. पण कीबोर्डवर तो पटकन सापडत नाही, म्हणून लोक 'कायययय' लिहितात. तिथे लांबतो तो य; ओढायचा होता आ.

म्हणून रुसवेफुगवे, थट्टामस्करी खुशाल रोमनमध्ये चालू द्या. पण शेजारचा शब्द जिथे मदतीला येणार नाही, ते देवनागरीतच लिहा: आणायच्या वस्तूंची यादी, माणसाचं नाव, घराचा पत्ता.